बटांमधून गेलेली जोडरेषा

‘एका टिचकीत चेहरा बदला’ अशी जाहिरात करणाऱ्या ॲपची खरी परीक्षा कपाळावरच्या बटांवर होते. दादरच्या एखाद्या स्टुडिओत काढलेली दोन छायाचित्रे घेऊ. एका तरुणाच्या कपाळावर काळ्या बटा आहेत आणि डोळ्यांवर चष्मा आहे. त्याच्या भावाला दाढी आहे. भावाचा चेहरा तरुणाच्या छायाचित्रात बसवायचा आहे.

एका प्रचलित पद्धतीत संगणक चेहऱ्यावर ६८ खुणा शोधतो. त्यांतल्या १७ जबड्याच्या कडेने असतात; वरच्या बाजूच्या खुणा मात्र भुवयांपाशीच संपतात, म्हणून कपाळ हवे असल्यास नव्या चेहऱ्याची सीमा, म्हणजेच जोडरेषा, अंदाजाने वर न्यावी लागते आणि ती नेमकी बटांमध्ये शिरते.

पुढचा घोटाळा रंग जुळवताना होतो. पेरेझ, गांग्ने आणि ब्लेक यांनी २००३ मध्ये मांडलेली, प्वासाँच्या समीकरणावर आधारलेली पद्धत नव्या चेहऱ्यातील शेजारशेजारच्या बिंदूंमधला फरक शक्य तितका जपते, पण सीमेवरचा उजळपणा मूळ छायाचित्रातलाच ठेवते. उजळपणा शून्य म्हणजे काळा ते २५५ म्हणजे पांढरा असा मोजतात. समजा, चेहऱ्याच्या एका उभ्या पट्टीत भावाच्या त्वचेचा उजळपणा सर्वत्र १८० आहे, वरची सीमा ४० उजळपणाच्या केसांवर आहे आणि खालची १७० च्या त्वचेवर. वर १४० ची आणि खाली १० ची घट सक्तीची झाली की मधल्या बिंदूवर ७५ ची घट होते, म्हणजे तिथे १०५ उरतात. प्रत्यक्षात डावी-उजवी सीमाही ओढ लावत असल्याने परिणाम सौम्य होतो, तरी केसांचा काळेपणा टिपकागदावरील शाईसारखा कपाळावर उतरलेला दिसतोच.

म्हणून जोडरेषा बटांखालून, केवळ त्वचेवरून न्यावी. कपाळही बदलायचे असेल तर बटा आधी वेगळ्या काढून शेवटी परत ठेवाव्या लागतात. केसाच्या कडेचा एखादा बिंदू ४० टक्के केस आणि ६० टक्के कपाळ असा असतो. केस ३० आणि जुने कपाळ २०० असेल तर तो १३२ दिसतो. नवे कपाळ १४० चे असेल तर तिथे ९६ हवेत. जुना १३२ तसाच चिकटवला की केसांभोवती फिकट कडा उमटते. छायाचित्र मोठे करून पाहिल्यास बनावट या कडेवरून ओळखू येऊ शकते.

दाढीला मात्र सरळ निर्णय लागतो. ती जबड्याच्या खुणांच्या बाहेर गळ्याकडे उतरते, त्यामुळे खुणांनुसार कापलेली दाढी हनुवटीखाली एकदम तुटते. एक तर ती गळ्यापर्यंत संपूर्ण उचलावी, नाहीतर जोडरेषा गालांवरच दाढीच्या वर थांबवून तरुणाची हनुवटी व ओठ तसेच ठेवावेत. यात भावाची ओळख कमी होते, पण छायाचित्र सुसंगत राहते.

चष्म्याची फ्रेम आणि काड्या अपारदर्शक असल्याने नव्या चेहऱ्यावर परत ठेवता येतात. अडचण भिंगांची आहे. उणे नंबरच्या भिंगातून गालाची कड आत सरकलेली दिसते आणि भिंगावर दिव्याचे प्रतिबिंबही पडते. फ्रेम ठेवली आणि भिंगामागची त्वचा भावाची घातली, तर ते सरकणे नाहीसे होते आणि जाड भिंग बिननंबरी काचेसारखे दिसू लागते.