"गंमत केली होती रे" हे समोरच्याला कळतं का?

दरवर्षी धुळवडीला बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या विडा गावाची बातमी पेपरात येते. गावातल्या एका जावयाला गाढवावर बसवून वाजत गाजत मिरवतात आणि मग नवे कपडे, सोन्याची अंगठी देऊन त्याचा मान करतात. त्याआधी जावई पळून जायचं बघतात आणि गावकरी त्यांच्यावर पाळत ठेवतात, हाही भाग आलाच. बातमीखाली कमेंटा दोनच प्रकारच्या असतात. एक म्हणजे "काय मजा आहे राव", आणि दुसरी "हा माणसाचा अपमान आहे, बंद करा." मला या भांडणात न पडता एक गोष्ट बघायला लै आवडते, ती म्हणजे जावई गाढवावर बसलेला असताना ही गंमत आहे हे त्याला कुठून कळतं? तर सगळीकडून कळतं. दिवस ठरलेला, गेल्या वर्षी दुसरा जावई बसलेला त्याने बघितलेला, शेवटी अंगठी मिळणार हे माहीत. म्हणजे हेतू कुणाच्या मनात लपलेला नाही, तो सगळ्या गावाला दिसतो.

आता याच्या उलट केस घेऊ. आमच्याकडं लातूरला नीटचे क्लास लावायचे, एक वर्ष रिपीट करायचं, कधी दोन, हे घरोघरी चालतं. अशा एखाद्या पोराला गावातले मित्र "डॉक्टरसाहेब" म्हणतात. हॉटेलवर तो आला की एकजण बाकावर सरकून जागा करतो, "या डॉक्टरसाहेब, बसा" म्हणतो, खांद्यावर हात टाकतो, चहा सांगतो. पोरगं पण हसतं, एखादी शिवी घालतं, विषय संपला. मग दुसऱ्या वर्षीचा निकाल लागतो, नंबर लागत नाही, आणि दोन दिवसांनी घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मामा टाकतात, "काय डॉक्टरसाहेब, दवाखाना कधी टाकायलास?" पुढं तीन हसणाऱ्या इमोजी. मावश्या, चुलत भाऊ सगळे हसणाऱ्या इमोजी टाकून मोकळे. पोरगं स्वतःपण एक इमोजी टाकतं, आणि पुढच्या महिन्यात घरातल्या हळदीला येत नाही. मामांना खरंच कळत नाही की झालं काय, कारण ते म्हणतात ते खोटं नाही, त्यांच्या मनात प्रेमच होतं.

शब्द तोच, मग बिघडलं कुठं? यावर जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये छापलेला एक प्रयोग आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सावकाश सांगतो. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. एकानं काही वाक्यं पाठवायची, त्यातली काही सरळ अर्थाची आणि काही टोमणा मारणारी, म्हणजे बोलायचं एक आणि म्हणायचं उलटं. दुसऱ्यानं ओळखायचं की हे खरं म्हणतोय का टोमणा आहे. काहींनी ही वाक्यं ईमेलनं लिहून पाठवली, काहींनी आवाजात. पाठवणाऱ्यांना आधी विचारलं की समोरचा किती बरोबर ओळखेल. दोन्हीकडं अंदाज सारखाच, साधारण 78 टक्के. प्रत्यक्षात आवाज ऐकणाऱ्यांनी 73 टक्के बरोबर ओळखलं, म्हणजे अंदाजाच्या जवळपास. आणि ईमेल वाचणाऱ्यांनी 56 टक्के. आता लक्षात घ्या, उत्तरं दोनच आहेत, नाणं उडवून उत्तर दिलं तरी 50 टक्के येतात. म्हणजे लिहिलेला टोमणा ओळखणं जवळपास नाणेफेकच झाली, आणि लिहिणारा मात्र निवांत, की कळलंच असणार.

असं का होतं? आपण वाक्य लिहितो तेव्हा ते डोक्यात आपल्याच आवाजात वाजत असतं, त्यातलं हसू, ओढून बोललेला "काऽय", सगळं आपल्याला ऐकू येत असतं. ते वजा करून नुसती अक्षरं कशी दिसतील हे मेंदूला सहज जमत नाही. स्वतः गुणगुणत असलेलं गाणं आपण टेबलावर बोटांनी वाजवतो आणि समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते, तसंच हे. आणि हे खरंच आवाजामुळं होतं हे त्यांनी कसं तपासलं ते भारी आहे. काही जणांना पाठवण्याआधी तेच वाक्य उलट्या सुरात मोठ्यानं वाचायला लावलं, म्हणजे टोमणा असेल तर गंभीरपणे वाचायचा. तेवढ्यानं त्यांचा फाजील विश्वास उतरला. डोक्यातला आवाज मोडला की अक्षरं उघडी दिसायला लागतात.

मग कुणी म्हणेल इमोजी आहे ना. आहे, पण ती हसणारी इमोजी दोन अर्थांनी वाचता येते, मी तुझ्यासोबत हसतोय किंवा मी तुला हसतोय. निकालानंतर दोन दिवसांनी पोरगं कोणता अर्थ घेईल, विचार करा. आणि मावशीची चौथी, भावाची पाचवी इमोजी आली की त्याला दुसराच अर्थ पक्का होतो. त्याने स्वतः टाकलेली इमोजी तर काहीच सांगत नाही, सगळ्यांसमोर दुसरं करणार काय तो?

क्रुगर आणि दोन सहकाऱ्यांनी 2006 मध्ये थेट चिडवण्यावरच काम छापलं. लोकांना आपण कुणाला चिडवलं ते आणि आपल्याला कुणी चिडवलं ते आठवायला लावलं, तर चिडवणाऱ्याला प्रसंग जास्त मजेशीर आणि कमी लागट वाटतो, ज्याला चिडवलं त्याला उलटं. "गंमत केली" असं सांगून धार कमी करायचा प्रयत्नसुद्धा समोरच्यापर्यंत तेवढा पोचत नाही. चिडवणारा स्वतःला हेतूवरून मोजतो, ऐकणाऱ्याला फक्त झालेलं दिसतं.

इथं आमच्याकडं एक ठरलेलं वाक्य येतं, "कर्क राशीचा आहे तो, लगेच मनाला लावून घेतो." हे बंद करायला पाहिजे. त्या पोराची रास हॉटेलवरपण तीच होती आणि तिथं तो हसत होता. बदललं ते आवाज, खांद्यावरचा हात आणि उलट बोलायची सोय. पत्रिका काढली की ज्यानं बोलायला नको ते बोललं तो सुटतो आणि ज्याला लागलं त्याच्यातच खोट निघते, हे मला पटत नाही.

उलट बोलायची सोय म्हणालो ते नीट सांगतो. याक पँकसेप नावाचे शास्त्रज्ञ होते, उंदरांच्या खेळावर त्यांनी बरीच वर्षं काम केलं. दोन उंदीर लुटुपुटीची कुस्ती खेळतात, दांडगा बहुतेक वेळा जिंकतो, पण त्यांना असं दिसलं की दांडगा साधारण 70 टक्क्यांपेक्षा जास्त वेळा वर बसायला लागला की लहान उंदीर खेळायला बोलवणंच कमी करतो. उंदरावरून माणसाचा नियम काढता येत नाही, आणि कुणी कॅल्क्युलेटर घेऊन भाच्याचे पॉइंट मोजू नयेत. पण खेळ आहे का नाही याची एक उघड खूण त्यात आहे, की पारी बदलते का. हॉटेलवर पोराला मित्राला शिवी घालता येते, उद्या ते त्या मित्राच्या टकलावर बोलतं. मामांच्या सुटलेल्या पोटावर, बुडालेल्या दुकानावर भाचा त्याच ग्रुपवर बोलू शकतो का? आमच्याकडं तर नाहीच. मग तिथं कुस्ती नाही, एकजण कायम खाली आहे.

मामा वाईट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही, पण त्यांनी काय करावं हे या प्रयोगांतूनच निघतं. तो मेसेज पाठवण्याआधी एकदा सासूबाई टोचून बोलतात त्या सुरात मोठ्यानं वाचायचा. लागला तर ग्रुपवर टाकायचा नाही, फोन करायचा, आवाजात हेतू जातो. आणि "आपलाच पोरगा आहे, त्याला माझा स्वभाव माहीत आहे" यावर भिस्त ठेवायची नाही, कारण 2005 च्या त्याच कामात त्यांनी हेपण तपासलं होतं, ईमेल अनोळख्याला पाठवला काय आणि मित्राला पाठवला काय, ओळखण्यात फरक पडला नाही.