पी-मूल्य एका घरचे, दोन चुका दुसऱ्या घरच्या

कारखान्यात बोल्टचा लॉट आला आहे. 2 टक्क्यांपर्यंत खराब माल चालेल, असा करार आहे. तपासनीस 50 बोल्ट उचलतो आणि त्यात 4 खराब निघतात. लॉट परत पाठवायचा का?

संशोधन पद्धतीच्या वर्गात या प्रश्नाला जे उत्तर देतात, ते मुळात दोन वेगळ्या उत्तरांची खिचडी आहे.

पहिले उत्तर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचे. लॉट कराराप्रमाणेच आहे, म्हणजे खराबी 2 टक्केच आहे, असे धरून चाला. हे झाले शून्य गृहीतक. तसे असताना 50 मध्ये 4 किंवा त्याहून जास्त खराब निघण्याची शक्यता सुमारे 0.018 येते. हेच पी-मूल्य. 1925च्या पुस्तकात फिशर यांनी विसात एक, म्हणजे 0.05, ही सोयीची सीमा सुचवली. त्यांच्या लेखी पी-मूल्य हा गृहीतकाविरुद्धचा पुरावा होता. वाईट लॉट चांगला समजून घेण्याच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या, चुकीला त्यांच्या मांडणीत जागा नव्हती.

दुसरे उत्तर कारखान्यातले. त्याच दशकात अमेरिकेत, बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत, डॉज आणि रोमिग नमुना-तपासणीचे नियम बसवत होते. तिथे प्रश्न व्यवहाराचा होता. चांगला लॉट परत गेला तर उत्पादकाचे नुकसान, वाईट लॉट आत आला तर ग्राहकाचे. या दोन्ही जोखमींचा हिशेब त्यांनी 1929 मध्ये छापला. येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी 1933 मध्ये गृहीतकांच्या चाचणीसाठी मांडलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या चुका याच जातीच्या आहेत.

या दुसऱ्या घरी नियम माल पाहण्याआधी ठरतो. समजा, ‘4 किंवा जास्त खराब निघाले तर लॉट परत’ असा नियम केला. 2 टक्के खराबीचा लॉट चुकून परत जाण्याची शक्यता 2 टक्क्यांहून कमी. छान वाटते! पण लॉटमध्ये खरोखर 8 टक्के खराबी असेल, तर तो पास होण्याची शक्यता 42 टक्क्यांच्या पुढे जाते. पी-मूल्य कितीही न्याहाळले तरी हे त्यात दिसत नाही. 3 खराबांवरच लॉट परत करू म्हटले, तर चांगला लॉट परत जाण्याची शक्यता जवळपास 8 टक्के होते. एक चूक दाबली की दुसरी वर येते. नमुना 150 बोल्टचा घेऊन 7 किंवा जास्त खराबांवर लॉट परत केला, की दोन्ही चुका 5 टक्क्यांच्या आत बसतात. खर्च मात्र तिपटीने वाढतो.

फिशर यांना हे पटले नाही. माल घ्यायचा की नाही हे ठरवण्याची रीत विज्ञानाला लागू पडत नाही, असे त्यांनी 1955 मध्ये ठणकावून लिहिले. पाठ्यपुस्तकांनी मात्र दोन्ही उत्तरांना एकाच प्रकरणात बसवले. म्हणून आजही विद्यार्थी 0.018 पाहून ‘लॉट चांगला असण्याची शक्यता 1.8 टक्के’ असे लिहितो. तो आकडा लॉट चांगला आहे असे धरूनच काढला होता. लॉट खरोखर कसा आहे हे त्यावरून सांगायचे, तर त्या पुरवठादाराचे किती लॉट एरवी खराब निघतात, हेही माहीत असावे लागते.