दुप्पट कोनाची रीत

चालत्या होडीतून किनाऱ्यावरच्या एखाद्या ठळक खुणेचे, बहुधा दीपगृहाचे, अंतर काढण्याची ही रीत आहे. होडीच्या दिशेची रेषा आणि दीपगृहाकडे पाहणारी रेषा यांच्यातला कोन दोनदा पाहायचा. दुसऱ्या वेळी तो पहिल्याच्या बरोबर दुप्पट झाला, की मधल्या वेळात होडी जेवढी पुढे गेली तेवढेच दीपगृह त्या क्षणी दूर असते. दीपगृहाची उंची माहीत असावी लागत नाही, नकाशा लागत नाही आणि गणित तर जवळजवळ नाहीच.

असे का होते, हे वाळूवर तीन बिंदू काढले तरी दिसते. पहिली जागा, दुसरी जागा आणि दीपगृह यांचा त्रिकोण होतो. दुसऱ्या जागेवर दिसणारा कोन हा या त्रिकोणाचा बाह्यकोन, म्हणजे आतल्या दोन दूरच्या कोनांची बेरीज. त्यातला एक पहिल्या वेळी मोजलेला कोन. बेरीज त्याच्या दुप्पट असेल, तर दीपगृहापाशी होणारा दुसरा कोनही तेवढाच असला पाहिजे. दोन कोन समान, म्हणून त्यांच्या समोरच्या बाजूही समान. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातली ३२वी आणि ६वी ही दोन प्रमेये एवढ्यावर काम भागते.

रीत प्रत्यक्षात कशी चालते आणि कुठे फसते, हे एका मच्छीमाराच्या गोष्टीतून चांगले कळते.

रात्रीची वेळ. मच्छीमार एकटाच होडी वल्हवत बंदराबाहेर पडला आहे. पाणी संथ असताना माहीत असलेले अंतर दोन्ही दिशांनी वल्हवून त्याने आपला वेग ठरवून ठेवला आहे : ताशी ४ किलोमीटर. बसायच्या फळीवर एक पाटी आहे. तिच्यावरची मधली रेषा होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, रोखलेली आणि त्या रेषेपासून ३०, ६० आणि ९० अंशांवर खिळे ठोकलेले. हे कोन त्याने दोरीने काढले. तीन सारख्या लांबीच्या दोऱ्यांचा त्रिकोण ताणला की ६० अंश मिळतात आणि त्याचा निम्मा म्हणजे ३०.

वल्हवणारा माणूस पाठमोरा बसतो, त्यामुळे पुढे उजवीकडे असलेले दीपगृह त्याला दिसत नाही. अधूनमधून मान वळवावी लागते. कोन किती झाला हे तो मोजत बसत नाही, तर दिवा खिळ्याच्या रेषेत कधी येतो याची वाट पाहतो. अंधारात, हलत्या होडीत हेच शहाणपणाचे. दिशा तो पायाशी ठेवलेल्या होकायंत्रावर सांभाळतो आहे. दिवा ३० अंशांच्या खिळ्यावर आला तेव्हा त्याने घड्याळ पाहिले. दिवा ६० अंशांच्या खिळ्यावर आला तेव्हा ३० मिनिटे झाली होती. अर्ध्या तासात २ किलोमीटर, म्हणजे दीपगृह आता २ किलोमीटरवर.

पुढचेही त्याला कळते. याच दिशेने आणखी १ किलोमीटर गेले की दीपगृह बरोबर काटकोनात येणार आणि तेव्हा ते साधारण १.७ किलोमीटरवर असणार. त्याला १५ मिनिटे लागायला हवीत. दीपगृहाच्या पायथ्याचे खडक इतके दूर आहेत म्हणून तो निश्चिंत वल्हवत राहिला, आणि साडेआठ मिनिटांतच दिवा ९० अंशांच्या खिळ्यावर आला. खडकांवर फुटणाऱ्या लाटाही आता स्पष्ट ऐकू येत होत्या.

चूक कोनांत नव्हती, घड्याळातही नव्हती. डावीकडून ताशी १ किलोमीटरचा प्रवाह होडीला आडवा, दीपगृहाकडे, ढकलत होता. होकायंत्रावर नाळ सरळ होती, पण होडी तिरपी सरकत होती. हिशेब मांडला तर दुसऱ्या वेळी दीपगृह २ नव्हे, जेमतेम १.१ किलोमीटरवर होते आणि काटकोनात आले तेव्हा ८४० मीटरवर. वल्हवणाऱ्याच्या वेगाच्या चौथ्या हिश्शाएवढा आडवा प्रवाह खरे अंतर अंदाजाच्या जवळजवळ निम्म्यावर आणतो. म्हणून तिसरी नोंद, काटकोनाची, कधीही सोडू नये. ती ठरल्या वेळेपेक्षा लवकर आली तर होडी दीपगृहाकडे सरकते आहे, उशिरा आली तर दूर.

दुसऱ्या रात्री त्याने पाठमोरे बसण्याचाच फायदा घेतला. बंदरात एक दिवा खाली धक्क्यावर होता आणि एक त्यामागे टेकडीवर. वरचा दिवा खालच्याच्या नेमका डोक्यावर राहील अशी होडी ठेवली की ती जमिनीच्या हिशेबाने एकाच रेषेवरून जाते, प्रवाह कसाही असो. त्यासाठी त्याला नाळ सुमारे १४ अंश डावीकडे ठेवावी लागली. इथे एक खोच आहे. कोन आता नाळेपासून धरायचा नाही, दोन दिव्यांच्या रेषेपासून धरायचा. त्याने पाटी सोडवून तिची मधली रेषा मागच्या दिव्यांशी जुळवली. या वेळी ३० पासून ६० अंशांपर्यंत जायला ३५ मिनिटे लागली, म्हणजे अंतर सुमारे सव्वादोन किलोमीटर. काटकोन त्यानंतर साधारण १८ मिनिटांनी आला, अपेक्षेप्रमाणेच.

कोनांची निवडही महत्त्वाची. ४५ आणि ९० अंशांची जोडी खलाशांत फार प्रचलित आहे, कारण हिशेब सोपा आणि काटकोन ओळखायला सोपा. पण तिचे उत्तर मिळते तेव्हा खडक बाजूलाच आलेले असतात. १० आणि २० अंशांची जोडी लवकर उत्तर देते, पण ते भरवशाचे नसते. समजा, तीन अंशांची चूक झाली आणि १७ अंशांनाच २० समजले. २ किलोमीटर वाटणारे अंतर खरे तर २.८ किलोमीटरच्या पुढे असते. तेवढीच चूक ६० अंशांच्या जागी ५७ पाहण्यात झाली, तर खरे अंतर २.२ किलोमीटर निघते. दोन रेषा एकमेकींना फार अरुंद कोनात छेदतात तिथे छेदनबिंदू निसटतो, एवढेच यामागचे कारण.

एक चूक मात्र या मच्छीमाराच्या दोन्ही युक्त्यांना दिसत नाही. प्रवाह होडीच्या मार्गाच्याच रेषेत असेल, समोरून किंवा मागून, तर सगळा त्रिकोण आहे त्याच आकारात लहान किंवा मोठा होतो. कोन जुळतात, मागचे दिवे जुळतात, काटकोनही ठरल्या वेळीच येतो. समोरून ताशी १ किलोमीटरचा प्रवाह असेल तर अर्ध्या तासात होडी दीडच किलोमीटर गेलेली असते आणि २ किलोमीटरवर समजलेले दीपगृह दीडवरच असते. हा धोक्याच्या बाजूचा फरक आहे. मागून प्रवाह असेल तर ते अडीचवर असते. कोन कितीही वेळा पाहिले तरी हे उघड होत नाही, कारण लांबीचे एकच माप हातात आहे : वेग गुणिले वेळ. ते पाण्यातले आहे, जमिनीवरचे नाही. भरतीचा प्रवाह थांबून ओहोटीचा सुरू होण्याआधीच्या संथ पाण्यात मोजले, किंवा नांगर टाकून, वाहत्या पाण्यात लाकडाचा तुकडा सोडून त्याचा वेग आधी पाहिला, तरच ही दुरुस्ती करता येते.