बेंबीखालचा चट्टा आणि पट्ट्याचं बकल

बेंबीच्या दोन बोटं खाली खाजरा, लालसर चट्टा उठतो. वर बारीक पुळ्या, खाजवलं की पाणी सुटतं. बरेच जण गजकर्ण समजून औषधाच्या दुकानातून मलम आणतात. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, त्यामुळे खाज चार दिवस थांबते आणि मलम बंद केलं की परत सुरू होते. खरं तर चट्ट्याची जागाच बोलत असते: पट्ट्याचं बकल किंवा जीन्सचं बटण जिथे टेकतं, नेमकं तिथेच तो असतो. गजकर्ण कडेकडेने पसरत जातं, मध्ये कातडी निवळत जाते आणि त्याला बकलशी काही देणंघेणं नसतं.

दोषी बहुतेक वेळा निकेल. स्वस्त बकलवर किंवा खोट्या कानातल्यावर वरचा मुलामा झिजला की खालचं निकेल उघडं पडतं. घामातल्या क्षारांनी ते किंचित विरघळतं आणि त्याचे आयन कातडीत शिरतात. तिथे ते आपल्याच प्रथिनांना चिकटतात. कातडीतल्या पहारेकरी पेशी हे बदललेलं प्रथिन उचलून जवळच्या लसिका ग्रंथींत नेतात आणि तिथे टी-पेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशी त्याची ओळख पक्की करून ठेवतात. याला साधारण दोन आठवडे लागतात आणि तोवर वर काहीच दिसत नाही. ही ओळख मात्र बहुधा जन्मभर पुसली जात नाही.

म्हणूनच लहानपणी कान टोचल्यावर घातलेल्या खोट्या कुड्यांनी लागलेली अ‍ॅलर्जी वीस वर्षांनी पोटावर उठू शकते. ओळख ठेवलेल्या टी-पेशी रक्तातून सगळीकडे फिरतात. पुन्हा निकेल लागलं की पुरळ लगेच नाही, एक ते तीन दिवसांनी येतं. सोमवारी घातलेल्या पट्ट्याचा त्रास बुधवारी जाणवतो, त्यामुळे संशय भलत्याच गोष्टीवर जातो.

खात्री पॅच टेस्टने होते. निकेल सल्फेट असलेल्या पट्ट्या पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात, काढल्यावर एकदा आणि पुढच्या एकदोन दिवसांत पुन्हा बघतात. बकल तपासायला डायमिथाइलग्लायऑक्झिमचा संच मिळतो. त्याच्या दोन द्रावणांचे थेंब टाकलेला कापसाचा बोळा बकलवर अर्धा मिनिट घासायचा. बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. नाही झाला म्हणून मुलाम्याखालीही ते नाही, असं मात्र धरू नका.

बकलला नेलपॉलिश लावणं हा तात्पुरता उपाय, ते थोड्याच दिवसांत खरवडून जातं. बकलच बदला. टायटॅनियम चालतं. चांगल्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असतं, पण घट्ट बांधलेलं असल्याने फारच कमी सुटतं.

घड्याळाखालचा चट्टा मात्र नीट बघा. तो मनगटाच्या आतल्या बाजूला, फक्त बकलखाली असेल तर निकेल. चामड्याच्या पट्ट्याखाली मनगटभर असेल, तर चामडं कमावताना वापरलेलं क्रोमियम जास्त संशयास्पद.