मलईचा केक व लोणी : घरातील साठवण

बेकरीतील मलई भरलेला केक आणि लोणी हे दोन्ही स्निग्ध दुग्धजन्य पदार्थ स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिवसभर राहिले, तर त्यांचे जे होते ते एकमेकांहून फार वेगळे असते. मीठ घातलेले कारखान्यातील लोणी एका दिवसात बहुधा फक्त मऊ पडते. ताज्या मलईचा किंवा कस्टर्डचा केक मात्र तेवढ्या वेळात, रंग, वास वा चव न बदलता, विषारी होऊ शकतो. हा फरक पदार्थात दूध किती आहे यावर अवलंबून नसून त्यातले पाणी जंतूंना कितपत मोकळेपणी मिळते यावर असतो. या मोकळ्या पाण्याच्या मापाला जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १ धरतात. साखर वा मीठ विरघळले की ती उतरते. अन्नातून विषबाधा करणारे बहुतेक जंतू सुमारे ०.९२ च्या खाली वाढत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू याला अपवाद असून तो सुमारे ०.८६ पर्यंत तग धरून वाढतो. केकच्या विषबाधेत त्याचेच नाव वारंवार येते, त्याचे हे एक कारण.

विषबाधेच्या कारणाचा शोध : मलई, आइसक्रीम व चीज खाऊन होणाऱ्या सामुदायिक ओकाऱ्यांची कारणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बरीच वादग्रस्त होती. कुजणाऱ्या प्रथिनांतून ‘टोमेन’ नावाची अल्कलॉइडे तयार होतात व तीच विष ठरतात, हे मत तेव्हा प्रबळ होते. अमेरिकेतील मिशिगनचे व्हिक्टर व्हॉन यांनी १८८५ च्या सुमारास बाधक चीजमधून एक द्रव्य वेगळे केल्याचे सांगून त्याला ‘टायरोटॉक्सिकॉन’ असे नाव दिले. पुढे आइसक्रीमच्या बाधेलाही तेच कारण लावले गेले. काहींनी भांड्यांच्या धातूला, तर काहींनी व्हॅनिलाच्या अर्कालाही दोष दिला. टोमेन-उपपत्ती आता मागे पडली आहे, परंतु व्हॉन यांचे एक निरीक्षण टिकून राहिले : विष दुधात आधीपासून नसते, ते साठवणीत तयार होते.

जंतूकडे निश्चित बोट दाखवण्याचे श्रेय कोणाला द्यायचे याबद्दल दोन मते दिसतात. एम. ए. बार्बर यांनी १९१४ मध्ये फिलिपीन्समधील एका गोठ्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथील एका गायीच्या कासेला दाह होता. तिचे ताजे दूध बाधत नसे, पण त्याच दुधाची साय काही तास उष्ण हवेत राहिली की खाणारा आजारी पडे. बार्बर यांनी हे स्वतःवर प्रयोग करून दाखवले व दुधातून स्टॅफिलोकॉकस वेगळा केला. त्यांच्या लेखाकडे तेव्हा फारसे लक्ष गेले नाही. त्यानंतर शिकागोचे गेल डॅक व त्यांचे सहकारी यांनी १९३० मध्ये नाताळच्या सुमारास घडलेल्या एका बाधेचा अभ्यास मांडला. अकरा जण आजारी पडले होते, आणि बाधक पदार्थ होता जाड मलईचे थर भरलेला स्पंज केक. त्यातून मिळालेला जंतू वाढवून, गाळून, जंतुविरहित द्रव स्वयंसेवकांना दिला असता त्यांनाही ओकाऱ्या झाल्या. पहिले निरीक्षण बार्बर यांचे हे मान्य करावे लागते. तथापि जंतू काढून टाकल्यावरही विष उरते ही निर्णायक गोष्ट डॅक यांच्या प्रयोगाने सिद्ध झाली, म्हणून घरगुती साठवणीच्या दृष्टीने अधिक वजन त्यालाच द्यावे लागेल. उरलेला केक नंतर फ्रीजमध्ये ठेवून का भागत नाही, याचे उत्तर त्याच प्रयोगात आहे.

मलईच्या केकमधील जंतुवाढ : भट्टीतून निघालेला स्पंज जवळजवळ जंतुमुक्त असतो. बाधा शिरते ती नंतर, तो आडवा कापून साखरेच्या पाकाने भिजवताना, मलई फेटताना, पिशवीतून नक्षी काढताना आणि हाताने चेरी लावताना. स्टॅफिलोकॉकस निरोगी माणसांच्या नाकात व त्वचेवर सर्रास आढळतो. बोटावरच्या पिकलेल्या जखमेत तर तो भरपूर असतो. केक अंडेविरहित असला म्हणून हा धोका टळत नाही, कारण जंतू अंड्यातून नव्हे, हातातून आलेला असतो. (कच्च्या अंड्यातून येणाऱ्या साल्मोनेलाचा धोका निराळा.)

एक उदाहरण पाहू. मे महिन्यात वाढदिवसाचा केक रात्री आठला कापला आणि उरलेला अर्धा खोक्यासकट ओट्यावर राहिला. खोलीचे तापमान ३२° से. आहे. मलईच्या एका ग्रॅममध्ये सुरुवातीला १०० जंतू आहेत असे धरू. नव्या जागी रुळायला त्यांना दोन तास लागले आणि नंतर दर ४५ मिनिटांनी संख्या दुप्पट होत गेली, तर दहा दुपटींत, म्हणजे साडेसात तासांत, ती एक लाखावर जाते. बाधण्याइतके विष साधारणतः याच टप्प्याच्या पुढे साठते. घड्याळात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. सकाळी कोणाच्या लक्षात येऊन केक फ्रीजमध्ये गेला तर वाढ थांबते, पण तयार झालेले विष तसेच राहते. ते उष्णतेलाही दाद देत नाही. अर्धा तास उकळूनही त्याचा काही अंश उरतो. दुपारी तो केक खाल्ला, तर एक ते सहा तासांत मळमळ, जोराच्या ओकाऱ्या, पोटात मुरडा व कधी जुलाब सुरू होतात. ताप बहुधा नसतो आणि दिवसभरात माणूस बरा होतो, पण लहान मुले व वृद्ध यांच्या शरीरातील पाणी कमी होणे गंभीर ठरू शकते. वरील आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत. आरंभीची संख्या व तापमान यांनुसार ही वेळ बरीच मागेपुढे होते. मात्र फ्रीजमधील ४–५° से. तापमानात हा जंतू वाढतच नाही.

मुदतीसंबंधी नियमांत एकवाक्यता नाही. अमेरिकेत नाशवंत पदार्थ खोलीच्या तापमानात दोन तास, आणि हवा ३२° से. हून गरम असल्यास एकच तास ठेवावेत असे सांगतात. ऑस्ट्रेलियात दोन तासांपर्यंत पदार्थ पुन्हा फ्रीजमध्ये ठेवता येतो, दोन ते चार तासांत खाऊन संपवायचा असतो आणि चार तासांनंतर टाकायचा असतो. भारतात थंड पदार्थ ५° से. च्या खाली व गरम पदार्थ ६०° से. च्या वर ठेवण्याचा दंडक आहे. महाराष्ट्रातील उन्हाळ्याचा विचार करता एका तासाची मर्यादा अधिक योग्य वाटते. हा वेळ एकूण मोजावा लागतो : बेकरीतून घरापर्यंतचा प्रवास, पाहुण्यांची वाट पाहताना टेबलावर गेलेला वेळ आणि कापल्यानंतरचा वेळ, सगळा एकत्र.

मलईचे प्रकार : सर्व ‘क्रीम’ सारखे नाशवंत नसते. दुधाची फेटलेली मलई आणि दूध, अंडी व पीठ शिजवून केलेले कस्टर्ड यांत पाणी भरपूर असल्याने ती सर्वांत जोखमीची. बेकऱ्यांत बरेचदा वापरले जाणारे वनस्पतिजन्य ‘व्हिप टॉपिंग’ गोठवलेल्या स्थितीत येते. फेटल्यावर ते उकाड्यातही आकार धरून उभे राहते, आणि त्यामुळे दिशाभूल होते. हा ताठपणा कठीण स्निग्धांशाचा व स्थिरकांचा असतो. त्यातही पाणी असतेच, म्हणून तो केकही फ्रीजमध्येच ठेवावा. याच्या उलट काचेच्या बरणीत ठेवून विकल्या जाणाऱ्या क्रीम रोलमधील पांढरे सारण हे मुख्यतः वनस्पती तूप व दळलेली साखर यांचे असते. त्यात पाणी नगण्य असल्याने जंतूंना वाढता येत नाही. ते बिघडते ते खवट होऊन. लोणी व दळलेल्या साखरेचे बटरक्रीम या दोहोंच्या मध्ये पडते : दूध न घालता केलेले दिवसभर टिकते, पण त्यात दूध, मलई किंवा फळांचा गर पडला की ते नाशवंतांत जमा होते. इराणी बेकऱ्यांतील मावा केकमधला मावा पिठाबरोबर भाजला गेलेला असतो, त्यामुळे तो झाकून बाहेर ठेवता येतो. तो उशिरा बिघडतो आणि बिघडला की बुरशीने दिसतो.

लोणी : भारतातील मानकानुसार टेबल बटरमध्ये दुधातील स्निग्धांश किमान ८० टक्के, पाणी १६ टक्क्यांपर्यंत व मीठ ३ टक्क्यांपर्यंत असते. मीठ स्निग्धांशात विरघळत नाही, ते सगळे पाण्यात उतरते. लोण्यात २ टक्के मीठ असेल, तर त्यातील पाण्यात दर १०० ग्रॅममागे १२ ग्रॅमहून अधिक मीठ असते, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या तिपटीहून जास्त. शिवाय हे पाणी स्निग्धांशात अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात विखुरलेले असते. बहुसंख्य थेंबांत जंतू नसतोच. ज्यात असेल त्याला तेवढ्याच थेंबातल्या अन्नावर भागवावे लागते. स्टॅफिलोकॉकस मीठ सोसतो, पण या कोंडीपुढे त्याचे फारसे चालत नाही.

ही रचना मोडली की संरक्षणही जाते. लोणी साधारण ३२–३५° से. ला वितळते, थेंब एकत्र येतात आणि तळाशी पाणी सुटते. असे लोणी पुन्हा थंड केले तरी पहिली घडण परत येत नाही, म्हणून ते त्याच दिवशी वापरावे किंवा कढवावे. लोणी एक-दोन दिवस बाहेर चालते हा पाश्चात्त्य सल्ला सुमारे २०° से. च्या खोलीसाठी आहे. विदर्भातील मे महिन्याला तो लागू करता येत नाही. हवा व पाणी मिसळून फेटलेल्या लोण्यातून अमेरिकेत १९७० च्या दशकात स्टॅफिलोकॉकसची बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. लसूण किंवा कोथिंबीर घातलेले लोणीही फ्रीजमध्येच हवे, कारण त्यांच्याबरोबर जंतू व पाणी दोन्ही येतात.

बाहेर राहिलेल्या लोण्याचा नेहमीचा दोष म्हणजे खवटपणा. तो दोन वाटांनी येतो. स्निग्धांश फुटून ब्युटिरिक आम्ल मोकळे झाले की ओकारीसारखा आंबूस वास येतो, आणि प्रकाश व हवेने ऑक्सिडीकरण झाले की जुन्या तेलाचा किंवा पुठ्ठ्यासारखा वास येतो. कडा गडद पिवळ्या पडून पारदर्शक दिसू लागणे ही पृष्ठभाग सुकल्याची खूण होय. खवट लोणी चवीला वाईट असले तरी त्याने सहसा विषबाधा होत नाही. केकच्या बाबतीत अगदी उलटे आहे, तेथे नाक व जीभ काहीच सांगत नाहीत.

घरी विरजलेल्या सायीचे पांढरे लोणी बिनमिठाचे असते. त्यात ताक अडकलेले राहते व पाण्याचे थेंबही मोठे असतात. विरजणाच्या आम्लतेमुळे बरेच रोगकारक जंतू दबून राहतात, पण उन्हाळ्यात ते दिवसाभरात आंबूस होते आणि त्याला बुरशीही लवकर धरते. लोण्याचा गोळा गार पाण्यात बुडवून ठेवण्याच्या जुन्या रीतीत पाणी रोज बदलतात. त्याने हवा दूर राहते आणि थोडा गारवा मिळतो. वाढ मंदावते, थांबत नाही. तूप कढवताना मात्र जवळजवळ सर्व पाणी उडून जाते व बेरी गाळून काढली जाते. म्हणून कोरड्या बरणीतले तूप महिनोन्‌महिने बाहेर टिकते, ओला चमचा मात्र त्यात जाता कामा नये.

शीतकरणाची मर्यादा : लिस्टेरिया हा जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. फिनलंडमध्ये १९९८–९९ साली पाश्चरीकृत मलईपासून बनवलेल्या लोण्यातून त्याची लागण पसरली. २५ रुग्णांची नोंद झाली व त्यांतील सहा दगावले. बाधित बहुतांशी रुग्णालयातील दुर्बल रुग्ण होते. गर्भवती स्त्रिया व प्रतिकारशक्ती घटलेल्या व्यक्ती यांच्यासाठी म्हणूनच मलईचा केक फ्रीजमध्ये असला तरी एक-दोन दिवसांतच संपवावा. खोके फ्रीजच्या दारात न ठेवता आतल्या फळीवर ठेवावे. दाराजवळचे तापमान दर उघडझापीला चढते, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातला मोठा केक आतपर्यंत गार व्हायला काही तास घेतो. उरलेल्या केकचे तुकडे करून उथळ डब्यात झाकून ठेवले तर ते लवकर गार होतात.