मिलिओहम मोजायला चार टोके का लागतात: केल्विन पद्धतीची पार्श्वभूमी

विजेच्या पॅनेलमध्ये मोठी धारा मोजण्यासाठी जो शंट बसवलेला असतो, तो नीट पाहिला तर त्याच्यावर दोन नव्हे, चार स्क्रू दिसतात. दोन्ही टोकांना जाड बोल्ट असतात आणि त्यांना मुख्य केबल जोडलेली असते. त्यांच्या आतल्या बाजूला दोन लहान स्क्रू असतात आणि तिथून बारीक तारा मीटरकडे जातात. ७५ अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणाऱ्या शंटचा रोध बरोबर १ मिलिओहम असतो. मात्र हा १ मिलिओहम त्या दोन लहान स्क्रूंच्या दरम्यान असतो, मोठ्या बोल्टांच्या दरम्यान नव्हे. हा भेद कारखान्यातल्या कारागिराच्या सोयीसाठी केलेला नाही. तो १८६० च्या सुमारास तांब्याच्या कांड्या मोजताना उभ्या राहिलेल्या एका अडचणीतून आलेला आहे, आणि ती अडचण आज साधा मल्टिमीटर हातात घेऊनही अनुभवता येते.

याच शंटवर मल्टिमीटरचे दोन प्रोब टेकवून पाहावे. दोन्ही प्रोबच्या तारांचा मिळून रोध बहुधा ०.२ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे २०० मिलिओहम. मोजायची वस्तू आहे १ मिलिओहमची. पडद्यावर ०.२ दिसते आणि प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.२ च दिसते. इथे मनात येणारा पहिला उपाय म्हणजे तारांचा रोध आधी मोजून नंतर वजा करायचा. तारांपुरता तो चालतोही, पण जिथे प्रोबचे टोक धातूला टेकते तिथला स्पर्शरोध वजा करता येत नाही, कारण तो स्थिर नसतो. दोन धातूंचे पृष्ठभाग खरे तर थोड्याशा उंचवट्यांवरच एकमेकांना भिडतात, त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि हाताचा दाब जरा बदलला की स्पर्शाचे क्षेत्र बदलते. हा रोध सहज पाच-दहा मिलिओहमने मागेपुढे होतो. ज्या राशीचा चढउतारच मोजायच्या राशीच्या पाच-दहा पट आहे, तिची वजाबाकी करून हाती काहीच उरत नाही. मीटर कितीही महाग आणि कितीही दशांश स्थळे दाखवणारा असला, तरी दोनच तारा असतील तोवर तो प्रामाणिकपणे तारा, स्पर्श आणि शंट यांची बेरीजच दाखवत राहतो.

पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांच्यासमोर ही अडचण आली ती अटलांटिक महासागराखालून टाकायच्या तारायंत्राच्या केबलमुळे. ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक असलेले थॉमसन ती केबल टाकणाऱ्या कंपनीचे एक संचालकही होते. लांब केबलमध्ये संकेत किती वेगाने पोहोचेल हे तारेच्या रोधावर अवलंबून असते, हे त्यांनी गणिताने दाखवले होते. १८५७ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या गिरण्यांतून आलेली तांब्याची तार तपासली, तेव्हा एकाच जाडीच्या तारांच्या वाहकतेत लक्षणीय तफावत आढळली. तांबे म्हणजे तांबे अशी व्यापाऱ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात थोड्याशा अशुद्धतेनेही वाहकता बरीच उतरत होती. १८५८ ची केबल सुमारे तीन आठवड्यांत बंद पडली. तिच्या मृत्यूचे मुख्य कारण विद्युतरोधक आवरण आणि त्यावर लादलेला भरमसाट विद्युतदाब हे होते, तांब्याचा दर्जा नव्हे. पण पुढच्या केबलसाठी तांबे तपासूनच घ्यायचे हे त्यानंतर पक्के झाले. त्यासाठी तांब्याच्या लहान तुकड्याचा रोध खात्रीने मोजता येणे आवश्यक होते.

लहान तुकडा म्हणजे अल्प रोध. १ मीटर लांब आणि १ चौरस मिलिमीटर छेदाच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे १७ मिलिओहम असतो, आणि तीच लांबी जाड कांडीची असेल तर तो याच्याही कितीतरी खाली जातो. त्या काळी रोध मोजण्याचे सर्वांत भरवशाचे साधन व्हीटस्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा ब्रिज हे होते. त्याची मूळ मांडणी सॅम्युएल क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये केली आणि व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती सर्वांपुढे आणली. या ब्रिजमध्ये चार भुजा असतात. गॅल्व्हनोमीटरचा काटा शून्यावर आला की भुजांच्या गुणोत्तरावरून अज्ञात रोध काढतात. पण अज्ञात रोध आणि प्रमाण रोध एकमेकांना जोडणारा जो दुवा असतो, त्याचाही रोध असतोच. भुजा काही ओहमच्या असतील तर त्याकडे दुर्लक्ष करता येते. मिलिओहमच्या भुजेत मात्र दुवा आणि त्याचे सांधे अज्ञात रोधाच्याच तोलाचे होऊन बसतात. गॅल्व्हनोमीटरची तार दुव्याच्या या टोकाला जोडावी की त्या टोकाला, यावर उत्तर बदलते.

थॉमसन यांनी १८६१ मध्ये यावर जो उपाय मांडला, त्यात त्यांनी दुव्याचा रोध कमी करण्याच्या मागे लागण्याऐवजी तो हिशेबातूनच बाहेर काढला. गॅल्व्हनोमीटर दुव्याच्या एका टोकाला न जोडता त्यांनी दुव्याच्या दोन्ही टोकांना जोडणारी आणखी दोन भुजांची एक जोडी घातली आणि गॅल्व्हनोमीटर त्या जोडीच्या मध्यबिंदूला लावला. बाहेरच्या भुजांचे गुणोत्तर आणि आतल्या भुजांचे गुणोत्तर सारखे ठेवले, की दुव्यावरचे विभवांतर दोन्ही बाजूंना योग्य त्या वाट्याने विभागले जाते आणि तोल त्याच्यावर अवलंबून राहत नाही. आज पदविका अभ्यासक्रमाच्या प्रयोगशाळेत ‘केल्विन्स डबल ब्रिज’ म्हणून जो प्रयोग करतात तो हाच. बाहेरच्या भुजा P आणि Q, आतल्या p आणि q, प्रमाण रोध S, अज्ञात रोध X आणि दुव्याचा रोध r धरला तर तोलाचे सूत्र असे येते:

```
X = (P/Q)·S + [q·r/(p+q+r)]·(P/Q − p/q)
```

या सूत्रातले दुसरे पद वाचण्यासारखे आहे. समजा, चारही भुजा सारख्याच, १०० ओहमच्या आहेत, दुवा २ मिलिओहमचा आहे आणि दोन गुणोत्तरांत ०.१ टक्क्याचा फरक राहून गेला आहे. तर दुसरे पद साधारण १ मायक्रोओहम भरते, म्हणजे १ मिलिओहमच्या मापात ०.१ टक्क्याची चूक. दुवा २० मिलिओहमचा असता तर तीच चूक १ टक्क्यावर गेली असती. म्हणून तत्त्वतः दुव्याचा रोध कितीही चालत असला, तरी प्रत्यक्षात तो जाड तांब्याचाच ठेवतात. गुणोत्तरे जुळली आहेत की नाही हे पाहण्याची युक्तीही साधी आहे: तोल साधल्यावर दुवा काढून टाकायचा, आणि काटा जागचा हलला तर आतल्या भुजा पुन्हा जुळवायच्या. भुजांना जोडणाऱ्या तारांचा रोधही इथे निरुपद्रवी होतो, कारण शंभर ओहमच्या भुजेत दोनशतांश ओहमची भर पडली तर ती ०.०२ टक्केच असते.

हे सर्व झाले तेव्हा ‘केल्विन’ हे नाव अस्तित्वात नव्हते. थॉमसन यांना ती उमरावकी १८९२ मध्ये मिळाली आणि त्यांनी तिचे नाव ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीवरून घेतले. पद्धतीला ते नाव मागाहून चिकटले.

या ब्रिजमध्ये दडलेली कल्पना ब्रिजपेक्षा मोठी ठरली. धारा आत-बाहेर नेणारी टोके वेगळी आणि विभवांतर जिथून घ्यायचे ती टोके वेगळी, अशी ही वाटणी आहे. धारेच्या टोकांवर स्पर्शरोध कितीही असला तरी वस्तूतून जाणारी धारा सगळीकडे तीच असते. आणि विभवाच्या टोकांतून जवळजवळ धारा जातच नसेल तर तिथल्या स्पर्शरोधावर विभवपात होत नाही. १८६१ मध्ये ‘धारा जात नाही’ ही अट पाळायला काटा शून्यावर आणण्यावाचून मार्ग नव्हता, कारण गॅल्व्हनोमीटर स्वतःच धारा खातो. इलेक्ट्रॉनिक व्होल्टमीटर आल्यावर ब्रिजची गरज सरली, चार टोकांची नाही.

आपल्या शंटवरच हे करून पाहता येते. मोठ्या बोल्टांमधून स्थिर १ अँपिअर धारा सोडली आणि लहान स्क्रूंवर १० मेगाओहम रोधाचा व्होल्टमीटर लावला, तर स्क्रूंवर १ मिलिव्होल्ट मिळतो आणि मीटरकडे केवळ एक अब्जांश अँपिअरच्या दहाव्या भागाएवढी धारा वळते. मीटरच्या तारांत ०.२ ओहम रोध असला तरी तिथला पात मायक्रोव्होल्टच्या लाखाव्या हिश्शाच्या दुप्पटच भरतो. उलट, साधा मल्टिमीटर रोधाच्या खालच्या पल्ल्यात साधारण १ मिलिअँपिअरच सोडतो, तेव्हा या शंटवर फक्त १ मायक्रोव्होल्ट पडेल. म्हणजे दोन तारांचा दोष काढला तरी चाचणीची धारा मोठी नसेल तर माप निघतच नाही.

मायक्रोव्होल्टच्या पातळीवर एक जुना पाहुणा भेटतो, तो म्हणजे उष्णताजन्य विभव. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांचे तापमान वेगळे असले की दर अंशाला काही मायक्रोव्होल्ट निर्माण होतात, आणि हाताने नुकताच घट्ट केलेला स्क्रू शेजारच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गरम असणे अगदी सहज घडते. यावर उपाय धारेची दिशा उलटवण्याचा. समजा, एका दिशेने १.००७ मिलिव्होल्ट आले आणि धारा उलटवल्यावर उणे ०.९९३ आले. दोन्हींच्या फरकाचा निम्मा भाग १.००० मिलिव्होल्ट, म्हणजे रोध १.००० मिलिओहम, ७ मायक्रोव्होल्ट हे सांध्यांचे होते आणि ते निघून गेले. धारा न उलटवता घेतलेल्या मापात ०.७ टक्क्याची चूक राहिली असती, आणि ती दर वेळी वेगळी आली असती. शंट मँगनिनचे बनवतात याचेही एक कारण हेच आहे. एडवर्ड वेस्टन यांच्या या मिश्रधातूचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही, आणि तांब्याबरोबरच्या सांध्यात तो कॉन्स्टंटन या दुसऱ्या मिश्रधातूच्या मानाने फारच थोडे विभव देतो. तांब्याचा रोध मात्र दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणून तांब्याची पट्टी मोजताना मोठी धारा फार वेळ चालू ठेवली तर पट्टी तापते आणि आकडा हळूहळू वर चढताना दिसतो.

चार तारा वापरूनही माप चुकते ते बहुधा विभवाच्या टोकांची जागा चुकल्यामुळे. केल्विन क्लिपचे दोन जबडे एकमेकांपासून विलग असतात, एक धारेचा आणि एक विभवाचा. त्यांच्यातला रोधक तुकडा झिजून ते आत भिडले, तर वायर चार दिसतात पण मापन पुन्हा दोन टोकांचे होते. विभवाची तार वस्तूवर न लावता धारेच्या लगवर लावली तरी लग आणि वस्तू यांच्यामधला सांधा मापात येतो. कांडीच्या बाबतीत आणखी एक बाब आहे: धारा ज्या बिंदूतून शिरते त्याच्या जवळ ती छेदभर सारखी पसरलेली नसते, म्हणून विभवाच्या सुऱ्या, म्हणजे धारदार कडेची टोके, धारेच्या टोकांपासून छेदाच्या परिघाच्या किमान दीडपट अंतरावर ठेवण्याचा दंडक आहे. जोडणी बरोबर आहे की नाही हे ओळखायला वेगळे उपकरण लागत नाही. धारेचा क्लिप थोडा सरकवला किंवा सैल-घट्ट केला तर आकडा बदलता कामा नये, आणि कांडीवर विभवाची एक सुरी निम्म्या अंतरावर आणली तर आकडाही निम्मा झाला पाहिजे. पहिल्या चाचणीत आकडा हलला तर स्पर्शरोध कुठूनतरी मापात शिरला आहे; दुसऱ्या चाचणीत आकडा निम्म्यापेक्षा जास्त राहिला तर अंतराशी संबंध नसलेला एखादा सांधा दोन्ही सुऱ्यांच्या दरम्यान मोजला जात आहे.