सतरा सूचनांमधून तीनच का ठेवायच्या?

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांना इशारा देते, 43 फुटांना धोका. पूर ओसरला, माणसं घरी परतू लागली, की मोबाइलवर सूचनांच्या याद्या फिरतात. सतरा सूचनांची अशी एक यादी घेऊ: गाळ काढा, भिंती धुवा, गाद्या उन्हात टाका, पाणी उकळा, पायपुसणी बदला, मेन स्विच बंद ठेवा…

यातलं डोक्यात किती राहतं? मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवान यांनी 2001 मध्ये मांडलं, की माणसाच्या कार्यस्मृतीत एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात. पण विसरण्यापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. किरकोळ गोष्ट शेजारी आली, की महत्त्वाचीही पातळ होते. वाचणारा सूचनांच्या वजनाची बेरीज करत नाही, बऱ्याचदा सरासरी काढतो. पायपुसण्याशेजारी बसलेला मेन स्विच तेवढाच हलका वाटतो.

म्हणून अशी पोस्ट लिहिताना एकेक सूचना वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि प्रत्येकीला दोन प्रश्न विचारा. ही पाळली नाही तर होणारं नुकसान भरून येईल का? आणि न सांगता माणूस हे करेलच का? गाळ तर सगळेच काढतात. गादी वाळायला दोन दिवस उशीर झाला तरी चालतं. या चाळणीतून चारच चिठ्ठ्या उरतात: वीज, पिण्याचं पाणी, पायातले बूट आणि पंचनाम्यासाठी नुकसानीचे फोटो. फोटोची चिठ्ठी वगळताना जड जातं, कारण गाळ उपसल्यावर ते काढता येत नाहीत. तरीही ते नुकसान पैशाचं, बाकी तिन्ही जिवाशी. फोटोचं त्याच सकाळी वेगळ्या पोस्टमध्ये सांगावं.

इथे हमखास एक चूक होते. सूचना कमी करायच्या म्हणून चार सूचना एकात कोंबल्या जातात: 'आरोग्याची काळजी घ्या'. हे वाचून हात कुठेच जात नाही. उरलेल्या जागेत नेमकेपणा भरायचा असतो:

'बोर्ड पाण्यात गेला असेल तर वायरमनने तपासेपर्यंत वीज सुरू करू नका. पाण्यात उभं राहून मेन स्विचलाही हात लावू नका. पिण्याचं पाणी खळखळून उकळू लागल्यावर पूर्ण 1 मिनिट उकळा. गाळात गमबूट घालूनच उतरा. उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेला लेप्टोस्पायरोसिस पायाच्या जखमेतून शिरतो.'

पोस्ट घरातल्या एकाला वाचायला द्या, दहा मिनिटांनी न बघता सांगायला लावा. '1 मिनिट' सुटलं, तर वाक्य अजून लांब आहे.

कृतीला मात्र ही कात्री लावू नये. जुलाबावरच्या घरगुती पाण्यात 1 लिटर स्वच्छ पाणी, 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ लागतं. चहाचाच चमचा, सपाट भरलेला. यातला एकही शब्द गाळता येत नाही. अशी कृती स्वतंत्र, पूर्णच द्यावी.